बीमच्या रिंगा: कापायची लांबी किती, नग किती?

बीमच्या ड्रॉइंगवर रिंगांविषयी बहुधा एकच ओळ असते: ‘८ मिमी, दोन पायांची रिंग, टोकांना १०० आणि मध्ये १५० मिमी अंतराने’. या ओळीतून फिटरला दोन आकडे काढावे लागतात. एका रिंगेसाठी सळई किती लांबीची कापायची, हा पहिला आकडा. आणि अशा किती रिंगा वाकवायच्या, हा दुसरा. गणित चौथीच्या मुलाला जमेल इतके सोपे आहे, पण कोणती लांबी कुठून मोजायची हे ठरवताना गोंधळ होतो, आणि तो गोंधळ काँक्रीट पडल्यावर कोणालाच दिसत नाही. म्हणून एकच बीम घेऊन तो शेवटपर्यंत सोडवून पाहू.

समजा, जुळे सोलापुरात एका दुमजली घराचे काम चालू आहे. त्यातल्या एका बीमची रुंदी २३० मिमी आणि एकूण उंची ४५० मिमी आहे. दोन कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ४६०० मिमी असून बीमच्या दिशेने प्रत्येक कॉलम ४०० मिमी आहे. कव्हर २५ मिमी आहे. खाली १६ मिमीच्या तीन सळया, वर १६ मिमीच्या दोन सळया, आणि रिंग ८ मिमीची. रिंगांचे अंतर वरच्या ओळीत दिले आहे तेच.

सुरुवात कव्हरपासून करावी लागते, कारण रिंगेचा आकार कव्हरच ठरवते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार कव्हर म्हणजे काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून सर्वांत बाहेरच्या लोखंडापर्यंतचे अंतर, आणि बीममध्ये सर्वांत बाहेरचे लोखंड म्हणजे रिंगच. १९७८ च्या आवृत्तीत बीमचे २५ मिमी कव्हर मुख्य सळईपासून सांगितले होते. ती सवय काही हातांत अजून टिकून आहे, आणि तिचा परिणाम असा होतो की रिंग दोन्ही बाजूंनी आठ-आठ मिलिमीटर मोठी होते आणि तिच्यावर २५ ऐवजी १७ मिमी काँक्रीट उरते. संहितेची सूटही एकाच बाजूला आहे: प्रत्यक्षातले कव्हर सांगितल्यापेक्षा १० मिमीपर्यंत जास्त झाले तर चालते, पण कमी झालेले मुळीच चालत नाही. त्यामुळे रिंग मोठी होण्यापेक्षा दोन-चार मिलिमीटर लहान झालेली बरी.

तेव्हा आपल्या रिंगेची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी २३० मधून दोन्ही बाजूंचे कव्हर, म्हणजे ५०, वजा करून १८० मिमी होते, आणि उंची ४५० मधून ५० वजा करून ४०० मिमी होते. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ड्रॉइंगवरची ४५० ही उंची स्लॅबच्या जाडीसह असते. स्लॅब १२५ मिमीचा असेल तर खालून पाहणाऱ्याला बीम ३२५ मिमीच लोंबताना दिसतो, आणि सेंट्रिंगच्या फळीवर टेप लावून माप घेणारा नवखा फिटर रिंग त्या ३२५ वरून ठरवतो. रिंग स्लॅबच्या वरच्या कव्हरपर्यंत गेलीच पाहिजे, नाहीतर बीमच्या वरच्या सळया स्लॅबच्या खाली अडकतात आणि बीमची खरी उंचीच कमी होते.

लांबीचे गणित, आणि त्यातली एक उलटी खूण

रिंगेची बाहेरची परिमिती १८० आणि ४०० ची बेरीज दुप्पट करून ११६० मिमी येते. आता दोन टोकांना हूक द्यायचे आहेत. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतील शहरांच्या यादीत सोलापूर भूकंप क्षेत्र ३ मध्ये आहे, आणि क्षेत्र ३ पासून पुढे आरसीसी इमारतींना आयएस १३९२० ही भूकंपासाठीची संहिता लागू होते. तिच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार रिंगेचा हूक १३५ अंशांत वळवावा आणि वळण संपल्यानंतर त्याचा सरळ भाग सळईच्या व्यासाच्या ६ पट, पण ६५ मिमीपेक्षा कमी नाही, इतका असावा. आठ मिमीच्या सळईला ६ पट म्हणजे ४८ मिमी, म्हणून इथे ६५ चाच नियम लागतो.

हे १३५ अंश कशासाठी, तेही इथेच पाहू. भूकंपात बीमचे टोक पुढे-मागे वाकत राहिले की कव्हरचे काँक्रीट सुटून पडते. हूक नुसता काटकोनात वळवलेला असेल तर त्याचा सरळ भाग त्या कव्हरच्याच काँक्रीटमध्ये असतो, म्हणून कव्हर गेले की हूक उघडतो आणि रिंग सुटते. १३५ अंशांचा हूक मुख्य सळईभोवती फिरून आतल्या काँक्रीटमध्ये शिरतो आणि कव्हर गेले तरी धरून राहतो. पण आत शिरलेला तो भाग पुरेसा लांब असेल तरच हे खरे. म्हणून पुढचे सगळे गणित या ६५ मिलिमीटरांभोवती फिरणार आहे.

आता वळणांचा हिशोब. आपण परिमिती टोकदार कोपरे धरून मोजली, पण सळई टोकदार वळत नाही, ती पिनेभोवती गोल वळते. वाकवायच्या पाटावरची पिन सळईच्या व्यासाच्या चौपट, म्हणजे ८ मिमीसाठी ३२ मिमीची, धरू. काटकोनाच्या एका कोपऱ्यात टोकदार मापाने आपण २४ आणि २४ असे ४८ मिमी मोजलेले असतात. सळईचा मध्य मात्र २० मिमी त्रिज्येच्या चतुर्थांश वर्तुळातून जातो आणि त्याला ३१ मिमीच लागतात. म्हणजे प्रत्येक काटकोनात सुमारे १६-१७ मिमी सळई कमी लागते. व्यासात मोजले तर हे जवळजवळ दुप्पट व्यासाइतके भरते, आणि काटकोनाला व्यासाच्या दुप्पट वजा करण्याचा जो नियम सगळीकडे सांगतात तो इथूनच आलेला आहे. असे तीन कोपरे, म्हणून सुमारे ४८ मिमी वजा.

चौथ्या कोपऱ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे सळईची दोन्ही टोके येतात आणि प्रत्येक टोक १३५ अंश फिरते. २० मिमी त्रिज्येवर १३५ अंश फिरायला ४७ मिमी सळई लागते. त्यातले २४ मिमी आपण परिमितीत आधीच धरले आहेत. उरलेले २३ मिमी, म्हणजे साधारण व्यासाच्या तिप्पट, प्रत्येक हुकासाठी वाढवायला हवेत. तिप्पट व्यासाच्या हिशोबाने दोन हुकांचे मिळून सुमारे ४८ मिमी झाले.

आता गंमत पाहा. तीन काटकोनांनी जे ४८ मिमी वाचवले, तेच दोन हुकांच्या वळणांनी खाल्ले. वजा आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरते ते इतकेच:

कापायची लांबी = बाहेरची परिमिती + दोन्ही हुकांचे सरळ भाग

आपल्या बीमसाठी ११६० अधिक १३०, म्हणजे १२९० मिमी. दशांशापर्यंत काटेकोर हिशोब केला तर १२८६.५ येते, साडेतीन मिलिमीटरांचा फरक सोडून द्यायला हरकत नाही. पिन चौपटीऐवजी दुपटीची, म्हणजे १६ मिमीची, असेल तर काटेकोर लांबी १२७५ च्या आसपास येते. तेव्हा १२९० ला कापलेल्या सळईचे जास्तीचे मिलिमीटर दोन हुकांत वाटले जातात आणि प्रत्येक हूक सात-आठ मिमी लांब होतो. दोन्ही बाजूंनी आपण सुरक्षित आहोत. माझ्या मते साइटवर वापरायला याहून सोपा आणि खरा नियम नाही.

पण बार बेंडिंग शेड्यूल शिकवताना बहुधा वेगळेच सूत्र सांगतात. परिमिती घ्या, प्रत्येक हुकासाठी व्यासाच्या १० पट मिळवा, प्रत्येक काटकोनासाठी दुप्पट आणि प्रत्येक १३५ अंशांच्या वळणासाठी तिप्पट व्यास वजा करा. आपल्या रिंगेला ते लावले तर ११६० अधिक १६०, वजा ४८, वजा पुन्हा ४८, असे १२२४ मिमी येते. आपल्या उत्तरापेक्षा हे ६६ मिमी कमी आहे.

चूक कुठे झाली, ते वर आपण पाहिलेच आहे: १३५ अंशांच्या वळणासाठी तिप्पट व्यास मिळवायला हवा होता, तो या सूत्रात वजा होतो. खूणच उलटी पडली आहे. १० पटीत वळणाचा भागही धरला आहे असे कोणी म्हणेल; पण मग ती वजावट करण्याचे काहीच कारण उरत नाही. ८० मिमीत वळणाची भरपाई आणि सरळ भाग दोन्ही बसवले तरी सरळ भागाला ५७ मिमी उरतात, आणि त्यातून आणखी २४ काढले की ३४ च्या आसपास. हे नुसते कागदावरचे नाही. १२२४ मिमीची सळई कापून, चौपटीच्या पिनेवर १८० बाय ४०० ची रिंग वाकवून टेप लावली की हुकाचा सरळ भाग खरोखरच ३४ मिमीच्या आसपास भरतो. ६५ ची गरज असताना हे जवळजवळ निम्मेच आहे. सहा पटीचे ४८ मिमीही त्याने गाठलेले नाहीत.

यात एक ऐतिहासिक खाचही आहे. आयएस १३९२० च्या १९९३ च्या आवृत्तीत हुकाचा सरळ भाग व्यासाच्या १० पट, किमान ७५ मिमी, असा सांगितला होता. त्या नियमाने जायचे तर ११६० मध्ये दोनदा ८० मिळवून १३२० मिमी कापावी लागेल. म्हणजे १० पट हा आकडा खरा मानला तरी १२२४ कुठल्याच आवृत्तीत बसत नाही.

सोलापूरच्या साइटवर मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषा ऐकू येतात, पण रिंगेचे माप कोणत्याही भाषेत बहुधा फुटांत आणि इंचांतच सांगितले जाते. १२२४ मिमी म्हणजे जवळजवळ बरोबर चार फूट. म्हणून ‘नऊ बाय अठराच्या बीमला चार फुटाची रिंग’ हे समीकरण पटकन तोंडात बसते. १२९० मिमीला फुटांत सांगायचे तर चार फूट तीन इंच म्हणावे. ते १२९५ मिमी होतात, आणि जास्तीचे ५ मिमी हुकांतच जातात. ते तीन इंच म्हणजेच आपला हूक.

सळईतून किती रिंगा निघतात

लांबी कमी करण्यामागे बचतीचे कारण सांगितले जाते, म्हणून तेही तपासून पाहू. सळई बाजारात १२ मीटरची येते. १२००० ला १२९० ने भागले तर ९.३ येतात, म्हणजे एका सळईतून ९ रिंगा निघतात आणि ३९० मिमीचा तुकडा उरतो. आता १२२४ ने भागून पाहा: ९.८ येतात. पुन्हा ९ च रिंगा, फक्त उरलेला तुकडा ९८४ मिमीचा. म्हणजे हूक निम्म्याने आखूड केले, तरी सळया तितक्याच लागल्या. फरक पडला तो केवळ कोपऱ्यात पडलेल्या तुकड्यांच्या लांबीत. मोठा तुकडा दुसऱ्या कुठल्या लहान रिंगेला वापरता येतो हे मान्य, पण ती बचत एका बीममागे किलोभरही होत नाही.

खरा मोह दहाव्या रिंगेचा असतो. रिंग १२०० मिमीला कापली की एका सळईतून बरोबर १० निघतात आणि तुकडाच उरत नाही. कामाच्या ठेक्यात लोखंडाची घट कोणाच्या खिशातून जाते यावर हा मोह किती मोठा हे ठरते. १२०० मिमीच्या रिंगेत हुकाचा सरळ भाग २२ मिमीच्या आसपास उरतो, आणि एवढे टोक नीट १३५ अंशांत वाकवतासुद्धा येत नाही, कारण वाकवायच्या पानाला धरायला लांबीच मिळत नाही. म्हणून अशा रिंगा बहुतेक वेळा काटकोनाच्या थोड्या पुढे जाऊन थांबलेल्या दिसतात. हुकाचा कोन अपुरा दिसला की सळई आखूड कापली आहे का, हे आधी तपासावे. फिटरच्या हाताला दोष नंतर द्यावा.

नग मोजताना: जागा आणि खांब

आता दुसरा आकडा. सर्वांत जास्त ऐकू येणारी पद्धत म्हणजे स्पॅनला अंतराने भागा आणि एक मिळवा. एक मिळवण्याचे कारण द्राक्षबागेत खांब रोवणाऱ्याला विचारले तरी तो सांगेल: दहा जागा सोडायच्या तर अकरा खांब लागतात. पद्धतीत खोट नाही; खोट आहे ती कोणता स्पॅन घ्यायचा आणि एक किती वेळा मिळवायचा यात.

स्पॅन घ्यायचा तो कॉलमच्या तोंडापासून तोंडापर्यंतचा. मध्यापासून मध्यापर्यंतचे ४६०० हे डिझाइनरच्या कामाचे. रिंगांच्या कामाचे ते नाही, कारण बीमच्या रिंगा कॉलमच्या आत जात नाहीत. त्या जागेत कॉलमच्या रिंगा येतात आणि त्या कॉलमच्या हिशोबात मोजायच्या असतात. आपले दोन्ही कॉलम ४०० मिमीचे आहेत, म्हणून प्रत्येकाचे निम्मे, एकूण ४०० वजा करून आपल्याला ४२०० मिमी मोकळा स्पॅन मिळतो. पहिली रिंग कॉलमच्या तोंडापासून ५० मिमीच्या आत हवी, असे आयएस १३९२० सांगते. आपण ती बरोबर ५० वर ठेवू.

दाट रिंगांचा भाग किती लांब, हे बीमच्या परिणामकारक उंचीवरून ठरते. परिणामकारक उंची म्हणजे बीमच्या वरच्या पृष्ठभागापासून खालच्या मुख्य सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर. ४५० मधून कव्हरचे २५, रिंगेचे ८ आणि १६ मिमीच्या सळईचे निम्मे ८ वजा केले की ४०९ मिमी. दाट भाग दोन्ही टोकांना या उंचीच्या दुप्पट, म्हणजे ८१८ मिमी. या भागात रिंगांचे अंतर तीन मर्यादांपैकी सर्वांत लहान मर्यादेपेक्षा जास्त नसावे: परिणामकारक उंचीचा चौथा भाग, म्हणजे १०२ मिमी, सर्वांत बारीक मुख्य सळईच्या व्यासाच्या ८ पट, म्हणजे १२८ मिमी, आणि १०० मिमी. इथे १०० सर्वांत लहान आहे, म्हणून ड्रॉइंगवरचे १०० बरोबर आहे. पण वरच्या दोन सळया १२ मिमीच्या असत्या, तर ८ पट म्हणजे ९६ आले असते आणि १०० चालले नसते. मधल्या भागात अंतर परिणामकारक उंचीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे २०४ पेक्षा, जास्त नको. ड्रॉइंगवरचे १५० त्यात बसते.

आता रिंगा मांडू. पहिली ५० वर, मग १५०, २५०, ३५० असे करत ८५० पर्यंत. दाट भाग ८१८ ला संपतो. ७५० वरची रिंग त्याच्या आतच राहते, म्हणून ८५० वरची घ्यावीच लागते. मोजल्या तर ९ रिंगा होतात. दुसऱ्या टोकाला तशाच ९. म्हणजे १८ झाल्या.

मधली मोकळी जागा ८५० पासून दुसऱ्या बाजूच्या ३३५० पर्यंत, म्हणजे २५०० मिमी. तिला १५० ने भागले तर १६.६७ येतात, अंतर वाढू द्यायचे नाही, म्हणून १७ जागा धरायच्या. प्रत्येक जागा मग १४७ मिमीची होते. पण इथे एक मिळवायचा नाही. उलट एक वजा करायचा आहे, कारण या पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या रिंगा, ८५० वरची आणि ३३५० वरची, आपण आधीच मोजल्या आहेत. १७ जागांच्या मध्ये १६ रिंगा येतात. एकूण १८ अधिक १६, म्हणजे ३४ रिंगा.

जो फिटर प्रत्येक भागाला वेगळे भागून प्रत्येक वेळी एक मिळवतो, त्याचे ९, ९ आणि मधले १८ मिळून ३६ होतात. सीमेवरच्या दोन रिंगा दोनदा मोजल्या गेल्या. ही चूक महाग असली तरी धोक्याची नाही, जास्तीच्या दोन रिंगा पुढच्या बीमला जातात. धोक्याची चूक दुसरीच आहे. मध्यापासून मध्यापर्यंतचे ४६०० घेऊन त्याला सरसकट १५० ने भागले आणि एक मिळवला तर ३२ येतात. ३४ च्या जवळचा आकडा, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. पण त्या ३२ रिंगा समान अंतराने बांधल्या जातात आणि टोकांना, जिथे १०० हव्यात, तिथे १५० पडतात. नग जवळजवळ जुळतो आणि मांडणी मात्र पार चुकलेली असते. म्हणून नग मोजून बीम पास करण्यात अर्थ नाही. कॉलमच्या तोंडापासून टेप लावून पहिल्या ९ रिंगा ८५० च्या आत आहेत की नाहीत, हे दोन्ही टोकांना पाहावे. मधल्या रिंगा नुसत्या नजरेने पाहिल्या तरी चालते.

लोखंडाचा हिशोब आता सरळ आहे. ३४ रिंगा गुणिले १.२९ मीटर म्हणजे ४३.९ मीटर. व्यासाचा वर्ग भागिले १६२ या नेहमीच्या सूत्राने ८ मिमीचे वजन मीटरला ०.३९५ किलो, म्हणून सव्वासतरा किलोच्या थोडे वर. सळया मोजायच्या तर प्रत्येकी ९ रिंगांच्या हिशोबाने ४ सळया लागतात, आणि दोन रिंगा शिल्लक राहतात. हेच १२२४ च्या लांबीने केले असते तर बीममागे ०.९ किलो लोखंड कमी लागले असते, पण सळया ४ च.

सगळ्या रिंगा कापण्याआधी एक रिंग वाकवून तपासावी, ही माझी शिफारस आहे. दोन मिनिटांचे काम आहे. बाहेरची रुंदी १८० आणि उंची ४०० भरते का, हे टेपने पाहावे. दोन्ही कर्ण सारखे येतात का, हेही पाहावे, कारण तिरकी रिंग फळीत बसवली की एका बाजूचे कव्हर जाते. मग हूक: वळण जिथे संपते तिथून सळईच्या टोकापर्यंत टेप लावावी. टेप हुकाच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून लावली तर वळणही मापात येते आणि आखूड हूकसुद्धा ६५ चा भासतो. बांधताना हुकाचा कोपरा एका रिंगेत डावीकडे, पुढच्या रिंगेत उजवीकडे असा आलटून-पालटून ठेवावा, म्हणजे सगळे हूक एकाच सळईवर येत नाहीत.

हीच पद्धत लहान बीमला लावली की एक वेगळी गोष्ट समोर येते. त्याच घरात बोळाच्या वर २३० बाय ३०० चा एक बीम आहे, मोकळा स्पॅन १५०० मिमी, सळया १२ मिमीच्या. परिणामकारक उंची ३०० वजा २५, वजा ८, वजा ६, म्हणजे २६१. तिचा चौथा भाग ६५ मिमी. ड्रॉइंगवर सवयीने टोकांना १०० लिहिलेले असेल, तर ते इथे चुकीचे आहे. १९९३ च्या आवृत्तीत अंतर १०० पेक्षा कमी करण्याची गरज नाही अशी सवलत होती. २०१६ मध्ये १०० ही वरची मर्यादा झाली आणि ती सवलत गेली. असे ड्रॉइंग दिसले तर फिटरने आपल्या मनाने अंतर बदलू नये, आरसीसी सल्लागाराला विचारावे. त्यांनी टोकांना ६० आणि मध्ये १२५ केले असे धरू. दाट भाग ५२२ मिमी. ५० वर पहिली, मग साठ-साठने ५३० पर्यंत, म्हणजे ९ रिंगा, दोन्ही टोकांच्या १८. मध्ये ४४० मिमी उरतात; त्यात चार जागा ११० च्या, म्हणून ३ रिंगा. एकूण २१. रिंग १८० बाय २५० ची, परिमिती ८६०, दोन हुकांसह कापायची लांबी ९९० मिमी, आणि एका सळईतून १२ रिंगा, म्हणजे २ सळया. मोकळ्या स्पॅनची लांबी मोठ्या बीमच्या जवळजवळ एक तृतीयांश, पण रिंगा ३४ च्या तुलनेत २१. अंदाजपत्रकात लहान बीमला मीटरमागे तेवढेच लोखंड धरणाऱ्याचा हिशोब इथेच तुटतो.